बरणी वाचताना

पीठ आणि पाणी कालवून ठेवलं की त्यातून काही घडावं अशी आपली अपेक्षा नसते. फार तर ते वाळतं, नाहीतर फ्रीजमध्ये विसरलेल्या कणकेच्या गोळ्यासारखं काळवंडतं. पण हेच दोघे काचेच्या बरणीत घातले, झाकण सैल ठेवून ओट्याच्या कोपऱ्यात बसवले आणि रोज त्यांना थोडं खायला दिलं, तर आठ-दहा दिवसांत बरणीत एक दिनक्रम सुरू होतो. सकाळी खाणं, दुपारी फुगणं, संध्याकाळी उतरणं आणि रात्री जरा आंबट होऊन बसणं. निवृत्त माणसाचा दिवस याहून फारसा वेगळा नसतो. म्हणूनच असेल, माझं आणि त्या बरणीचं लवकर जमलं.

बाजारचं यीस्ट न घालता, पिठातल्याच जिवांच्या भरवशावर आंबवलेला ब्रेड म्हणजे सावरडो, आणि त्याला फुगवणारं हे बरणीतलं आंबवण म्हणजे स्टार्टर. कृती म्हणावी तर तीन वाक्यांत संपते. पन्नास ग्रॅम कणीक आणि पन्नास ग्रॅम पाणी कालवा. दुसऱ्या दिवसापासून रोज त्यातलं निम्म्याहून जास्त काढून टाका. उरलेल्यात पुन्हा तेवढीच कणीक आणि तेवढंच पाणी घाला. पीठ चक्कीवरून दळून आणलेलं, कोंड्यासकट असलेलं बरं, कारण ज्यांना आपण बोलावतो आहोत ती मंडळी हवेतून तरंगत येत नाहीत. बहुतेक जण गव्हाच्या सालीवर बसूनच घरात आलेली असतात. मैद्यात साल नाही, म्हणून मैद्याची बरणी पहिल्या आठवड्यात फार उदास दिसते. नळाचं पाणी रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवलं की त्यातला क्लोरिनचा वास बराचसा उडतो. मोजायला छोटा डिजिटल काटा लागतो. मी तो काटा ओट्यावर मांडला तेव्हा आईने चष्मा पुसून पाहिलं आणि विचारलं, "सोनं घेतोयस का कणीक?"

आई चौऱ्याऐंशीची आहे. तिच्या आयुष्यात तिने काहीही ग्रॅममध्ये आंबवलेलं नाही. इडलीचं पीठ, आंबोळीचं पीठ, दह्याचं विरजण, अनारशांसाठी तीन दिवस भिजणारे तांदूळ, हे सगळं तिच्या नाकाच्या अखत्यारीत येत असे, आणि त्या नाकावर अपील नव्हतं. त्यामुळे बरणी घरात आली तेव्हा एका बाजूला काटा, तापमापक आणि मी, आणि दुसऱ्या बाजूला ते नाक, अशी फळी आपोआप पडली. पुढे दोन्ही बाजू आलटून पालटून बरोबर निघाल्या, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिली चकमक दुसऱ्याच दिवशी झाली. संध्याकाळी पाहतो तर पीठ दुपटीने फुगून झाकणाला टेकलेलं, अंगभर बुडबुडे. पुस्तकात तर आठ-दहा दिवस लागतील असं लिहिलेलं, आणि इथे छत्तीस तासांत निकाल! त्या क्षणी कोणालाही वाटावं की आपल्या हाताला काहीतरी विशेष गुण आहे. आईने झाकण काढलं, नाक आत नेलं आणि मागे घेतलं. "टाक हे. ओल्या गोणपाटाचा वास येतोय." वास खरोखर तसाच होता, गोणपाटात एखाद्या विसरलेल्या मोज्याची भर घातली तर अचूक वर्णन होईल. नाक खोटं बोलत नव्हतं. ही फुगवटी यीस्टची नसतेच. पीठ भिजल्यावर सर्वांत आधी जाग्या होतात ल्युकोनोस्टॉक आणि त्यांच्यासारख्या काही घाईच्या जिवाणूंच्या टोळ्या. त्या भराभर वायू सोडतात, पीठ उचलतात आणि वास मारतात. यीस्ट अजून झोपलेलं असतं. नव्या सरकारच्या पहिल्या शंभर दिवसांसारखा हा सगळा प्रकार असतो: घोषणा पुष्कळ, पोळी नाही.

आणि मग, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सगळं थंडावतं. पीठ घातलं तरी फुगत नाही. वर चार बुडबुडे, खाली चिखल. जगभरातल्या सर्वाधिक बरण्या बहुधा याच दिवशी मोरीत रित्या होत असतील. खरं तर याच शांततेत काम चाललेलं असतं. त्या घाईच्या टोळीने जे आम्ल तयार केलं, तेच तिला सोसवत नाही. आंबटपणा वाढेल तशी ती आवरतं घेते आणि आंबटात सुखाने नांदणारे लॅक्टिक आम्लाचे जिवाणू जागा घेतात. रान पुरेसं आंबट झालं की मागून यीस्ट उठतं. डेब्रा विंक या अमेरिकी अभ्यासक बाईंनी या रिकाम्या दिवसांचा छडा लावला आणि एक गमतीचा उपाय सुचवला: सुरुवातीला पाण्याऐवजी अननसाचा रस घाला. रस मुळातच आंबट, म्हणून त्या घाईच्या मंडळींना दारातच अडवलं जातं. मी रस घातला नाही. अननस घरात आला की तो शिऱ्याच्या वाटेला जातो, तिथे माझं चालत नाही. मी फक्त रोज पीठ घालत राहिलो. आई म्हणाली, "गेलं ते." या फेरीत नाक चुकलं.

पाचव्या की सहाव्या दिवशी वास बदलला. आईने बरणी हातात घेतली आणि या खेपेला नाक लगेच मागे घेतलं नाही. "हा कुरडयांचा वास," ती म्हणाली. मी पुन्हा हुंगलं आणि एकदम कोल्हापूरच्या घराच्या मागच्या पडवीत गेलो. वैशाखाच्या तोंडावर तिथे पितळी घागरीत गहू भिजत पडायचे. तीन दिवस, रोज पाणी बदलून. तिसऱ्या दिवशी पडवीत शिरलं की तो आंबूस, दुधाळ, किंचित गोडसर वास अंगावर यायचा. मग गहू वाटणं, चीक गाळणं, रात्रभर निवू देऊन वरचं पाणी ओतून देणं, आणि पहाटे तो चीक शिजताना आम्हा पोरांनी वाट्या घेऊन रांगेत बसणं. गरम चिकावर साखर आणि दूध घालून खाल्लेलं ज्याला आठवत नाही, त्याला हा वास समजावून सांगायला माझ्याजवळ शब्द नाहीत. आई त्या वेळी घागरीत हात घालून एक गहू चिमटीत दाबायची. साल सुटून पांढरं बाहेर आलं आणि वास बरोबर असला, की "झाला" म्हणायची. म्हणजे गव्हाचं आंबणं आमच्या घरात नवं नव्हतंच. फक्त तिथे ते हवं तेवढं झालं की थांबवायचं असे आणि इथे कधीच थांबवायचं नसतं.

आमच्या घरातला खरा पेच मात्र वासाचा नव्हता, टाकण्याचा होता. रोज निम्म्याहून जास्त पीठ काढून टाका, हे वाक्य ज्या घरात पानात भाताचं शीत राहिलं तरी डोळे वटारले जातात, तिथे मोठ्याने वाचणं अवघड असतं. "टाकायचं कशाला? वाढव की," आई म्हणाली. मी तिला हिशेब करून दाखवला. शंभर ग्रॅम आंबवणाला त्याच्याइतकं पीठ आणि तितकंच पाणी दिलं की तीनशे ग्रॅम होतं. काही न टाकता दुसऱ्या दिवशी त्या सगळ्याला जेवायला घातलं तर नऊशे. तिसऱ्या दिवशी दोन किलो सातशे. असं आठवडाभर चाललं तर सातव्या दिवशी २१८ किलो ७०० ग्रॅम. आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "वास्तुशांतीला पुरेल." तरी मुद्दा तिला पटला. टाकलं नाही, तर वाढत्या कुटुंबाला पुरेल इतकं अन्न कोणीच पुरवू शकत नाही. उपाशी गर्दी अधिकाधिक आंबट होत जाते. पहिल्या आठवड्यातलं काढलेलं पीठ मी तिला खाऊ दिलं नाही, कारण त्या काळात बरणीत कोण कोण राहतंय याचा भरवसा नसतो. ते कुंडीत गेलं. बरणी मार्गी लागल्यावर मात्र जास्तीचं पीठ तिने ताब्यात घेतलं. त्यात थोडं बेसन, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून ती धिरडी घालते. आंबटपणा आयता असतो, ताक लागत नाही.

मार्गी लागलेल्या बरणीत कोण राहतं, याचा पहिला नीट शोध सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रेडवर लागला. तिथल्या सावरडोची चव दुसरीकडे जमत नाही असा त्या गावाचा अभिमान होता. खाडीपलीकडच्या आल्बनी इथल्या सरकारी प्रयोगशाळेत क्लाइन आणि सुगिहारा यांनी १९७१ मध्ये त्या आंबवणातले जीव वेगळे केले. त्यांना एक यीस्ट मिळालं आणि एक जिवाणू. जिवाणूला त्यांनी गावाचंच नाव दिलं, आणि नंतर तो युरोपातल्या बरण्यांतही सापडला, त्यामुळे गावाचा अभिमान थोडा पातळ झाला. मला मात्र त्या दोघांच्या संसाराचं कौतुक वाटतं. पिठातल्या स्टार्चपासून माल्टोज नावाची साखर तयार होते. ते यीस्ट माल्टोजला तोंड लावत नाही. जिवाणूचं मुख्य अन्न तेच. जिवाणू माल्टोज फोडतो तेव्हा थोडं ग्लुकोज बाहेर सांडतं, ते यीस्टला चालतं. जिवाणूने केलेल्या आंबटाचा इतरांना त्रास होतो, या यीस्टला नाही. एकाच नळावर दोन बिऱ्हाडं आणि भांडण नाही, असा वाडा मी तरी प्रत्यक्षात पाहिलेला नाही. आमच्या बरणीत नेमके तेच दोघे असतील असं नव्हे. पीठ, उष्णता, खाण्याच्या वेळा यांवर बिऱ्हाडं बदलतात. व्यवस्था मात्र साधारण अशीच असते.

आता वाचन. बरणी उभट आणि सरळ कडांची हवी, म्हणजे चढ-उतार दिसतो. खायला घालून झाल्यावर पिठाच्या पातळीवर एक रबरबँड चढवायचा. पुण्यात मे महिन्यात आमच्या ओट्यावर बत्तीस अंश असतात, आणि पुस्तकं लिहिणाऱ्यांची स्वयंपाकघरं बावीस-चोवीस अंशांची. त्यामुळे पुस्तकाप्रमाणे आंबवण, पीठ आणि पाणी सारखं घेतलं तर इथे तीन-चार तासांतच सगळं चढून उतरतं आणि उरलेला दिवस बरणी उपाशी बसते. म्हणून उन्हाळ्यात मी जुनं आंबवण थोडंच ठेवतो: दहा ग्रॅम आंबवण, पन्नास ग्रॅम कणीक, पन्नास ग्रॅम पाणी. खाणारे थोडे, पान मोठं. असं सकाळी सातला दिलं की पहिले दोन तास काही होत नाही. नऊच्या सुमारास काचेला आतून टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसू लागतात. अकराला पातळी रबरबँडच्या बोटभर वर असते आणि छिद्रांची जाळी झालेली असते. बाराला पृष्ठभाग मधोमध उचलून गोल घुमटासारखा होतो, विजापूरचा, ताणलेला आणि आत्मविश्वासाने भरलेला. घुमट आहे तोवर चढण चालू आहे असं समजायचं. दोनच्या सुमारास पातळी दुपटीच्या पुढे जाते, घुमट सपाट होऊ लागतो आणि वर बारीक खळगे पडतात. हीच ती वेळ. पुढे मध्यभाग खचतो आणि काचेवर वरच्या पातळीची ओशट रेघ मागे राहते, पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर राहते तशी. ती रेघ दिसली म्हणजे आपण उशिरा आलो.

यात अडचण एवढीच, की दुपारी एक ते चार पुण्यात काहीही उघडं नसतं, हे बरणीला कोणी सांगितलेलं नव्हतं. तिची ऐन भराची वेळ आणि माझी वामकुक्षी यांचा रोज खटका उडायचा. शेवटी मी जेवणाची वेळ दहावर नेली. आता ती पाचला, चहाच्या वेळी, भरात येते, आणि आम्ही तिघंही त्या वेळी जागे असतो.

डोळ्यांपेक्षा नाक मात्र आधी सांगतं. खायला घातल्यावर नुसत्या भिजवलेल्या कणकेचा वास असतो, निष्पाप. तीनेक तासांनी त्यात ताज्या ताकाची चाहूल लागते. भर येतो तेव्हा वास दुपदरी होतो: खाली दह्याचा आंबटपणा आणि वर पिकलेल्या फळाचा गोडवा, कधी सफरचंद, कधी नुकतं ठिपके पडलेलं केळं. हे दोन्ही पदर एकत्र आले की मळायला घ्यावं. त्याआधी, घुमट असतानाच घेतलं तर ब्रेड सौम्य होतो, उतरल्यावर घेतलं तर आंबट आणि थोडा बसका. वेळ टळली की फळ निघून जातं आणि व्हिनेगर उरतं. आणखी उपाशी ठेवलं तर नखांचं पॉलिश काढायच्या बाटलीसारखा वास नाकात झोंबतो, वर करड्या रंगाचं पाणी सुटतं. नवखे लोक तिथे हाय खातात. ते मरण नव्हे, भूक आहे. पाणी ओतून द्यावं, आंबवण अगदी थोडं ठेवून भरपूर पीठ द्यावं, एक-दोन दिवस दोन वेळा द्यावं, वास निवळतो. खरी भीती वेगळीच. गुलाबी किंवा नारिंगी रेघ दिसली, केसाळ बुरशी दिसली, की बरणीसकट निरोप घ्यायचा. वरचं खरवडून खालचं वापरण्याची काटकसर इथे चालत नाही, आणि हे मी आईला दोनदा समजावून सांगितलं आहे.

एक परीक्षा फार लोकप्रिय आहे: चमचाभर आंबवण पाण्यात सोडायचं, तरंगलं तर तयार. माझा तिच्यावर विश्वास नाही. दुसऱ्या दिवशीचं ते गोणपाटी पीठसुद्धा झकास तरंगतं. उलट कोंड्याच्या कणकेचं चांगलं तयार आंबवण चमच्याने काढताना वायू निसटला की दगडासारखं तळाशी जातं. पीठ फार सैल असेल तर बुडबुडे वरून फुटून जातात आणि आंबवण जोरात असूनही पातळी हलत नाही; म्हणून चमचा उभा राहील इतपत घट्टपणा रोज सारखा ठेवावा, नाहीतर कालचं वाचन आज उपयोगी पडत नाही. माझी कसोटी एवढीच: लागोपाठ तीन-चार दिवस, एकाच मापाने दिलेलं असताना, ती साधारण त्याच वेळी दुप्पट झाली आणि दोन पदरांचा वास आला, तर तिच्यावर ब्रेड सोपवावा. एका दिवसाच्या पराक्रमावर नाही.

परदेशात लोक आपल्या बरणीला नाव देतात. बेल्जियममधल्या सांक्ट विथ गावात तर आंबवणांचं ग्रंथालयच आहे, देशोदेशीची आंबवणं फ्रिजांत रांगेने ठेवलेली. आणि आपल्या गोव्यात पोदेर मंडळी एके काळी माडाच्या सुरेवर पाव फुगवत; त्यांनी सुरेला काही वेगळं नाव ठेवल्याचं ऐकिवात नाही. आमच्याकडेही बरणीला सगळ्यांनी नावं ठेवली, नाव मात्र कोणी ठेवलं नाही. आई तिला "ते तुझं" म्हणते. पण गेल्या महिन्यात मी दोन दिवस नाशिकला गेलो होतो. बरणी फ्रीजमध्ये ठेवून गेलो, कारण थंडीत ती आठवडाभर न खाता झोपून राहते. परत आलो तर बरणी ओट्यावर, रबरबँड जागेवर, पीठ दुपटीवर. "थंडीत कुडकुडत होतं," आई म्हणाली, "दिलं चार चमचे." काटा कपाटात तसाच होता. मी बरणी हुंगली. खाली दही, वर सफरचंद. आईकडे पाहिलं तर ती पेपर वाचत होती, निदान पेपर समोर धरला होता.

डिसेंबरात पुण्याची रात्र दहा-बारा अंशांवर उतरली की हेच माप सहा-सात तासांऐवजी दहा-बारा तास घेईल. तेव्हा आंबवण जरा जास्त ठेवायचं, पाणी कोमट घ्यायचं आणि बरणी उबेला, डाळीच्या डब्यांमागे सरकवायची. घड्याळ बदलतं, घुमट, खळगे आणि वास बदलत नाहीत.

कोणाला सुरुवातीचे ते गोणपाटाचे आणि चिखलाचे दिवस टाळायचे असतील, तर आमच्याकडचं चमचाभर आंबवण पुरेल. कोरडी, स्वच्छ बरणी घेऊन सकाळी दहाच्या आत या. दहानंतर जास्तीचं पीठ आईकडे जातं, आणि मग फक्त धिरडी मिळतात.